सातनंतर डोळा मिटणारा कॅमेरा: कुपवाडच्या शीतगृहातल्या पीओई बजेटचं प्रकरण

फेब्रुवारीच्या शेवटी तासगाव भागातून बेदाणा यायला लागला, की कुपवाडच्या शीतगृहांत रात्री दहा-अकरापर्यंत गाड्या उतरत असतात. अशाच एका शीतगृहाच्या मॅनेजरांचा मला फोन आला. मागच्या धक्क्यावरचा कॅमेरा रोज संध्याकाळी बंद पडतो, थोड्या वेळाने लागतो, परत बंद पडतो. गेटवरचा फिरता कॅमेराही मधूनच गायब होतो. दिवसा दोन्ही ठणठणीत. धक्क्यावरच बॉक्स मोजून उतरवले जातात, त्यामुळे नेमकं तिथलंच चित्रीकरण तुकड्यातुकड्यांत मिळणं त्यांना परवडणारं नव्हतं.

माझ्या आधी एकजण येऊन गेला होता. त्याने धक्क्यावरचा कॅमेरा बदलला होता, पण नवा कॅमेराही तसाच वागला. मग त्याने त्याची केबल स्विचच्या 20 नंबरच्या पोर्टवरून 21 वर लावली, तिथेही तेच. 22 वर लावली, तिथेही तेच. शेवटी स्विचचे तीन पोर्ट जळालेत, स्विच बदला, असं सांगून तो गेला. तीन शेजारी पोर्ट नेमके रात्रीच आजारी पडतात आणि सकाळी बरे होतात, हे मला पटेना. कॅमेरा परत 20 वर लावून मी तपास सुरू केला.

मांडणी अशी होती. 24 पोर्टचा एक पीओई स्विच, म्हणजे डेटाच्याच केबलमधून उपकरणांना वीजही देणारा. 1 आणि 2 नंबरला दोन फिरते कॅमेरे, त्यातला 2 नंबरचा गेटवरचा. 3 ते 6 वर वायफायचे चार अॅक्सेस पॉइंट, कारण बॉक्सचे बारकोड हातातल्या स्कॅनरने वाचतात. 7 ते 20 वर चौदा साधे, एका जागी बसवलेले कॅमेरे. वरचे चार पोर्ट मोकळे. मॅनेजरांच्या फाइलमध्ये स्विचचं बिल होतं, त्यावर "24 पोर्ट, प्रत्येकी 30 वॅट" असं लिहिलेलं. मालकांचा हिशोब साधा होता: 24 गुणिले 30 म्हणजे 720 वॅट, आणि आपण तर वीसच पोर्ट वापरतोय.

स्विच उलटा करून मागचं लेबल वाचलं. पीओईसाठी एकूण 190 वॅट.

हे दोन आकडे वेगवेगळे आहेत आणि बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. 30 वॅट ही एका पोर्टची कमाल मर्यादा. पीओईच्या 802.3at या प्रकारात स्विचच्या टोकाला जास्तीत जास्त तेवढं मिळतं, आणि केबलमधली घट धरून उपकरणाला 25.5 वॅटची हमी असते. आधीच्या 802.3af प्रकारात हेच आकडे 15.4 आणि 12.95 आहेत. पण सगळ्या पोर्टना मिळून किती वीज द्यायची, ते स्विचच्या आतला पॉवर सप्लाय ठरवतो, आणि तेच स्विचचं पीओई बजेट. घराच्या प्रत्येक खोलीत 15 अँपिअरचं सॉकेट असलं म्हणून मीटर सगळ्यांना एकदम तेवढं देत नाही, तसंच हे.

दुपारी बारा वाजता ब्राउझरमध्ये उघडलेल्या स्विचच्या पानावर चालू वापर 109 वॅट दिसत होता. साधे कॅमेरे प्रत्येकी 4 वॅट, अॅक्सेस पॉइंट साडेआठ, फिरते कॅमेरे नऊ-दहा. म्हणजे 81 वॅट शिल्लक. दुपारी येऊन कोणीही तपासलं असतं तरी बजेट ठीक आहे असंच म्हणाला असता. मी मॅनेजरांना सांगितलं, मला संध्याकाळी इथेच बसायचंय.

साडेसहाला मी मागच्या धक्क्यावर गेलो. रखवालदार मामा तिथे खुर्ची टाकून बसले होते. "बघा की आता, सात वाजलं की ह्यो डोळा मिटतोय," म्हणाले. दिवस मावळला, शेडमध्ये काळोख भरायला लागला, आणि कॅमेऱ्यातून बारीक 'टक्' असा आवाज आला. दिवसा इन्फ्रारेड, म्हणजे आयआर, प्रकाश अडवणारा आतला फिल्टर बाजूला सरकला आणि अंधारात दिसण्यासाठी काचेभोवती बसवलेले आयआर एलईडी मंद लालसर दिसू लागले. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर तेच जांभळट पांढरे, चांगले प्रखर. जेमतेम काही सेकंद. मग सगळं एकदम विझलं. वीसेक सेकंदांनी कॅमेऱ्याच्या जोडणीवरचा हिरवा दिवा परत लागला. मिनिटभर शांतता, मग 'टक्', लाल ठिपके, आणि परत अंधार.

मामांच्या शेजारी बसून लॅपटॉपवर स्विचची नोंद उघडली:

```
19:08:41  port 20  power off: budget exceeded
19:09:02  port 20  power on
19:10:14  port 20  power off: budget exceeded
19:10:35  port 20  power on
```

प्रत्येक फेरी 93 सेकंदांची. आतलं गणित मांडलं की ही फेरी कळते. अंधारात आयआर लागले की साध्या कॅमेऱ्याचा वापर 4 वरून साडेआठ वॅटवर जातो. चौदा कॅमेऱ्यांचे झाले 119. दोन फिरत्यांचे 18 आणि 21. अॅक्सेस पॉइंटचे 34. बेरीज 192, स्विचची ऐपत 190. कुणाला तरी उतरवणं भाग असतं. सगळ्या पोर्टची प्राथमिकता सारखी ठेवलेली असल्याने हा स्विच सर्वांत मोठ्या नंबरचा पोर्ट बंद करतो. 20 बंद झाला की वापर 183.5 वर येतो. साडेसहा वॅट मोकळे दिसतात, म्हणून स्विच त्याच पोर्टला परत वीज देतो. कॅमेरा उठतो तेव्हा आयआर बंद असतात, त्यामुळे त्याला 4 वॅटच लागतात आणि बेरीज 187.5 होते. सगळं ठीक. कॅमेरा पूर्ण सुरू होतो, समोर अंधार आहे हे त्याला कळतं, आयआर लावतो, बेरीज परत 192, आणि परत खाली. रात्रभर हेच चालू.

कॅमेरा 21, 22 वर नेला तरी दुखणं त्याच्या मागे का गेलं, तेही इथेच कळलं. कुठेही नेला तरी सर्वांत मोठा नंबर त्याचाच राहत होता. खात्रीसाठी मी 20 आणि 7 च्या केबल्स अदलाबदल केल्या. धक्क्यावरचा कॅमेरा लगेच स्थिर झाला, आणि मघापर्यंत कधीच तक्रार नसलेला वजनकाट्याचा कॅमेरा लुकलुकायला लागला. कॅमेरा बिघडला असता तर दुखणं त्याच्यासोबत 7 वर गेलं असतं, आणि जळालेला पोर्ट रोज सकाळी बरा होत नाही. असं फक्त बजेट संपल्यावर होतं.

सगळेच स्विच असे वागत नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं. काही स्विच नवा पोर्ट चालू करण्याआधी बरीच राखीव जागा मागतात. तिथे तोच कॅमेरा लुकलुकत नाही, रात्रभर मेलेलाच राहतो आणि सकाळी आपोआप उठतो. कारण एकच, दिसतं मात्र वेगळं. शिवाय हिशोबाच्या दोन पद्धती असतात. प्रत्यक्ष वापर मोजून हिशोब धरणारा स्विच दुपारी सगळ्यांना आत घेतो आणि रात्री अडचणीत येतो. उपकरणाच्या वर्गाप्रमाणे जागा राखणारा स्विच चौदा कॅमेऱ्यांना प्रत्येकी 15.4 आणि बाकी सहांना प्रत्येकी 30 वॅट बाजूला काढतो, म्हणजे जवळजवळ 396. अशा पद्धतीत 190 वॅटच्या स्विचवर अर्धी उपकरणं पहिल्या दिवसापासूनच चालू झाली नसती, आणि ही भानगड बसवतानाच उघडी पडली असती. इथे पहिली पद्धत चालू होती.

त्या रात्रीपुरता उपाय सोपा होता. आतल्या बोळातल्या चार कॅमेऱ्यांसमोर ट्यूबलाइट चोवीस तास चालू असतात, पण त्यांचे आयआर वेळापत्रकावर संध्याकाळी लागत होते. ते बंद केले. चार वेळा साडेचार, म्हणजे 18 वॅट मोकळे झाले, बेरीज 174. 20 नंबरचा पोर्ट त्यानंतर एकदाही पडला नाही. मामा खुश झाले.

गेटवरचा कॅमेरा मात्र साडेनऊला परत पडला.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण दोन्ही तक्रारी रात्रीच्या, दोन्हीत वीज जाऊन येते, आणि पहिली सुटली की दुसरीही त्यातच सुटली असं समजून घरी जायचा मोह होतो. पण गेटचा कॅमेरा 2 नंबरवर आहे. मोठ्या नंबरचे पोर्ट आधी उतरवणारा स्विच बजेटसाठी 20, 19, 18 सोडून 2 ला हात लावणार नाही. आणि आता तर 16 वॅट शिल्लक होते. नोंदीतलं कारणही वेगळं होतं:

```
21:30:12  port 2   power off: overload
21:45:10  port 2   power off: overload
```

जवळजवळ पंधरा मिनिटांचं अंतर. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पाहिलं तर दर पंधरा मिनिटांनी तो गेट, रस्ता आणि पार्किंग अशी फेरी मारत होता. रात्री आयआर चालू असताना मोटर फिरायला लागली की वीज जायची. दिवसा तीच मोटर फिरायची, पण आयआर बंद असल्याने काही व्हायचं नाही.

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात कमाल वापर 24 वॅट होता. पोर्ट 30 वॅटचा. मग 24 वॅटच्या उपकरणाने 30 वॅटचा पोर्ट कसा ओलांडला? याचा पहिला धागा मला संध्याकाळच्याच आकड्यांत दिसायला हवा होता. दोन्ही फिरते कॅमेरे एकाच मॉडेलचे, दोघांचे आयआर चालू, दोघेही स्थिर, तरी स्विचवर एक 18 वॅट दाखवत होता आणि दुसरा 21. जवळच्या कॅमेऱ्याची केबल तीसेक मीटर होती, गेटची 95 मीटर. वरचे 3 वॅट कॅमेरा घेत नव्हता, केबल खात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटची केबल दोन्ही टोकांना सोडवली. गेटच्या टोकाला नारिंगी जोडीच्या दोन्ही तारा एकत्र पिळल्या आणि स्विचच्या टोकाला त्याच दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला. 44 ओहम. चांगल्या तांब्याच्या 95 मीटर केबलला इथे 18 च्या आसपास यायला हवेत. मग तुकडा कापून वरची वेष्टनं काढली आणि एक तार ब्लेडने हलकेच खरवडली. तांबूस थर सुटला आणि आत चांदीसारखा पांढरा धातू चमकला. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल, बाजारात जिला सीसीए म्हणतात. तारही नेहमीच्या अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक होती. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यात तार बारीक, त्यात 95 मीटर. डेटा मात्र सुरळीत जात होता, 100 एमबीपीएसची जोडणी हिरवी होती, म्हणून केबलवर कोणाचाच संशय गेला नाही.

आता आकडा मांडू. पीओईमध्ये वीज एका जोडीतून जाते आणि दुसऱ्या जोडीतून परत येते. जोडीतल्या दोन्ही तारा समांतर काम करतात, म्हणून जाण्यायेण्याचा एकूण रोध मोजलेल्या 44 च्या निम्मा, म्हणजे 22 ओहम. मानकाने 802.3at साठी 12.5 ओहमची मर्यादा धरली आहे. कॅमेऱ्याला व्होल्टेज कमी मिळालं तर तो कमी वीज घेऊन भागवत नाही. त्याला ठरलेले वॅट हवेच असतात, म्हणून तो करंट जास्त ओढतो. करंट वाढला की केबलमधली घट वाढते, आणि कॅमेऱ्याकडचं व्होल्टेज आणखी पडतं. कॅमेऱ्याकडे उरणारं व्होल्टेज या सूत्राने मिळतं:

```
V = (Vs + √(Vs² − 4·R·P)) / 2
```

Vs म्हणजे स्विचकडचं व्होल्टेज, इथे 52. R म्हणजे 22, P म्हणजे कॅमेऱ्याला लागणारे वॅट. कॅमेरा स्थिर असताना 17.5 वॅट धरले तर त्याच्याकडे 43 व्होल्ट उरतात, करंट 0.41 अँपिअर, आणि स्विचला 21 वॅट द्यावे लागतात. पानावर दिसत होते तेवढेच. मोटर फिरून 24 वॅट झाले की व्होल्टेज 38 वर येतं, करंट 0.63, आणि स्विचकडून जाणारी वीज जवळजवळ 33 वॅट होते. पोर्ट 30 वर तोडतो. केबलमध्येच पावणेनऊ वॅट नुसती उष्णता होऊन जात होती. तीच लांबी चांगल्या तांब्याची असती तर स्विचकडून 26.3 वॅट लागले असते आणि कॅमेरा निवांत फिरला असता.

गेटची केबल बदलली. नवी आणताना दुकानातच टोक खरवडून पाहिलं, आणि ओढल्यावर कॅमेरा लावण्याआधी परत मल्टिमीटर लावला, तेव्हा 18.6 ओहम आले. त्या रात्री 2 नंबरचा पोर्ट स्थिर असताना 19 च्या आत दाखवत होता आणि फेरी मारताना एकदाही तुटला नाही.

राहिलं बजेट. आयआर बंद ठेवून काढलेली 18 वॅटची जागा टिकाऊ नव्हती. बोळातली ट्यूब गेली तर तिथे अंधार, आणि हंगामात स्कॅनर वाढले की अॅक्सेस पॉइंट साडेआठवरून 13 वॅटपर्यंत जातात, हे मी त्याच आठवड्यात गाड्यांच्या गर्दीत पानावर पाहिलं. मालकांनी विचारलं, "प्राथमिकता लावली तर होत नाही का?" लावावी जरूर. धक्का, गेट आणि रोकड खोली यांना सर्वांत वरची, कार्यालयाच्या वायफायला सर्वांत खालची. पण प्राथमिकतेने वॅट वाढत नाहीत, कुणी आधी अंधारात जायचं एवढंच ठरतं.

म्हणून हिशोब परत मांडला, यावेळी रात्रीच्या आकड्यांनी आणि प्रत्येक उपकरणाच्या सर्वांत जड क्षणाने. चौदा साधे कॅमेरे आयआरसकट 119. जवळचा फिरता कॅमेरा मोटर आणि आयआर धरून 25, गेटचा केबलची घट धरून 27. अॅक्सेस पॉइंट गर्दीत 52. एकूण 223. त्यावर मी वीस टक्के मोकळीक ठेवतो, कारण उन्हाळ्यात कपाटात स्विच तापतो आणि पॉवर सप्लाय सतत काठावर चालवला तर तो लवकर जातो. झाले 268. 190 च्या स्विचवर हे कधीच बसणार नव्हतं.

370 वॅटचा मोठा स्विच आणता आला असता. पण जुना स्विच निरोगी होता, आणि कार्यालयाच्या बाजूला रॅकमध्ये जागा होती. म्हणून 8 पोर्टचा, 120 वॅट बजेटचा दुसरा स्विच घेतला. त्यावर चारही अॅक्सेस पॉइंट आणि गेटचा कॅमेरा नेला: 52 आणि 27 मिळून 79, मोकळीक धरून 95. जुन्यावर उरले 119 आणि 25, म्हणजे 144, मोकळीक धरून 173. दोन्ही आपापल्या मर्यादेत. बोळातल्या कॅमेऱ्यांचे आयआर परत चालू केले.

याच वेळी यूपीएसही तपासला, कारण तो "स्विचला चाळीस वॅट लागतात" या समजुतीवर घेतलेला होता. पीओईचे वॅट भिंतीतूनच येतात, आणि रूपांतरात थोडे वायाही जातात. जुना स्विच रात्री एकटाच सव्वादोनशेच्या वर ओढत होता. वीज गेल्यावर अर्ध्या तासाऐवजी सात-आठ मिनिटांतच सगळे कॅमेरे का बंद पडायचे, त्याचं उत्तर मॅनेजरांना तिथे मिळालं. यूपीएस मोठा घ्यायचं त्यांनी ठरवलं.

त्यानंतर पंधरा रात्री मी दोन्ही स्विचची नोंद लांबून पाहत होतो. जुन्यावर रात्रीचा वापर 137 च्या आसपास, नव्यावर 53 ते 70. वीज तोडल्याची एकही ओळ नाही.

आता पुढच्या हंगामाआधी त्यांना धक्क्यावर आणखी दोन कॅमेरे हवेत. जुन्या स्विचवर मोकळे पोर्ट भरपूर आहेत, पण मोकळीक राखून तिथे 14 वॅटच उरतात, म्हणजे साडेआठ वॅटचा एकच कॅमेरा. नव्यावर पोर्ट तीनच मोकळे आहेत, पण वॅट 21 आहेत. दोन्ही कॅमेरे नव्या स्विचवर जातील, आणि रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर मी ते पेन्सिलने लिहून ठेवलंय.